दहा रुग्ण, वीस आकडे: टी-टेस्ट नेमकी कोणती?

टी-टेस्ट तीन प्रकारची असते. वन-सॅम्पल टेस्ट एका गटाची सरासरी एखाद्या ठरलेल्या आकड्याशी ताडून पाहते. पेअर्ड टेस्ट एकाच व्यक्तीच्या किंवा वस्तूच्या दोन मोजमापांतला फरक तपासते. टू-सॅम्पल टेस्ट एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन गटांच्या सरासऱ्यांची तुलना करते. व्याख्या पाठ असूनही प्रोजेक्ट करताना विद्यार्थी अडखळतात, कारण समोरच्या तक्त्यात फक्त आकड्यांचे रकाने दिसतात. ते आकडे कसे गोळा झाले, हे त्यांच्याकडे पाहून कळत नाही. आणि टेस्टची निवड तर नेमकी त्याच माहितीवर अवलंबून असते.

हे समजून घेण्यासाठी टी-टेस्टच्या जन्मापासून तिच्यासोबत असलेली आकडेवारी सर्वांत सोयीची आहे. डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी १९०८ साली ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकात ‘स्टुडंट’ या टोपणनावाने जो लेख लिहिला, त्यात उदाहरण म्हणून त्यांनी झोपेच्या औषधांचा एक प्रयोग घेतला. मूळ प्रयोग कुशनी आणि पीबल्स यांचा, १९०५ मध्ये प्रसिद्ध झालेला. (औषधांची नावे उतरवताना गॉसेट यांची गफलत झाली होती; म्हणून इथे त्यांना नुसते पहिले आणि दुसरे औषध म्हटले आहे.) हीच आकडेवारी आज आर या संगणकीय प्रणालीत `sleep` या नावाने तयार मिळते आणि असंख्य वर्गांत गृहपाठासाठी वापरली जाते. औषध न घेतलेल्या रात्रींच्या तुलनेत प्रत्येक रुग्णाला किती तास जास्त झोप लागली, ते तिच्यात नोंदले आहे. उणे चिन्ह म्हणजे झोप कमी झाली.

| रुग्ण | पहिले औषध | दुसरे औषध | फरक |
|---|---|---|---|
| १ | ०.७ | १.९ | १.२ |
| २ | −१.६ | ०.८ | २.४ |
| ३ | −०.२ | १.१ | १.३ |
| ४ | −१.२ | ०.१ | १.३ |
| ५ | −०.१ | −०.१ | ०.० |
| ६ | ३.४ | ४.४ | १.० |
| ७ | ३.७ | ५.५ | १.८ |
| ८ | ०.८ | १.६ | ०.८ |
| ९ | ०.० | ४.६ | ४.६ |
| १० | २.० | ३.४ | १.४ |

पहिल्या औषधाची सरासरी ०.७५ तास, दुसऱ्याची २.३३ तास. म्हणजे दुसरे औषध सरासरी १.५८ तास सरस ठरले. प्रश्न एवढाच, की हा फरक योगायोगाने पडू शकेल इतपतच आहे की त्याहून मोठा आहे?

आर उघडणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र वरचा तक्ता दिसत नाही. तिथे वीस ओळी असतात. `extra` या रकान्यात झोपेचे तास, `group` मध्ये १ किंवा २, आणि शेवटी `ID`. हा शेवटचा रकाना नजरेतून निसटला की समोर दहा-दहा जणांचे दोन गट आहेत असेच वाटते आणि हात टू-सॅम्पल टेस्टकडे जातो. ती केली तर टीची किंमत १.८६ येते आणि पी-व्हॅल्यू ०.०७९. नेहमीच्या ०.०५ या मर्यादेने पाहता निष्कर्ष निघतो की दोन औषधांत फरक असल्याचा पुरेसा पुरावा नाही. पेअर्ड टेस्ट केली, तर त्याच आकड्यांवरून टी ४.०६ आणि पी-व्हॅल्यू ०.००२८ येते. आकडे तेच, सरासऱ्यांमधला फरकही तोच १.५८, तरी निष्कर्ष उलटा.

असे का होते, याचे उत्तर भागाकारात आहे. टी म्हणजे सरासरीतला फरक भागिले त्या फरकाची स्टँडर्ड एरर. वरचा आकडा दोन्ही टेस्टमध्ये सारखाच राहतो, खालचा बदलतो. टू-सॅम्पल टेस्ट प्रत्येक रकान्यातला संपूर्ण विखुरलेपणा मोजते, आणि त्यात माणसामाणसांतला फरकही येतो. सातव्या रुग्णाला दोन्ही औषधांनी भरपूर झोप दिली, चौथ्याला दोन्हींनी फारशी दिली नाही. हा रुग्णांचा स्वभावधर्म झाला. औषधांच्या तुलनेशी त्याचा संबंध नाही. पेअर्ड टेस्ट प्रत्येक रुग्णाची तुलना त्याच्या स्वतःशीच करते, त्यामुळे हा भाग वजाबाकीत निघून जातो. इथे दोन रकान्यांमधला सहसंबंध ०.८० च्या घरात आहे, इतका घट्ट की स्टँडर्ड एरर ०.८५ वरून ०.३९ वर उतरते. याची किंमतही मोजावी लागते. डिग्रीज ऑफ फ्रीडम १८ वरून ९ होतात आणि ५ टक्के पातळीसाठी टीची मर्यादा २.१० वरून २.२६ पर्यंत चढते. इथे हा सौदा उघडच फायद्याचा ठरला. जोड्यांमध्ये सहसंबंध नसेल, तर तो तोट्याचाही ठरू शकतो.

म्हणून पेअर्ड टेस्ट तिची पी-व्हॅल्यू लहान येते या कारणाने निवडायची नसते. दोन्ही टेस्ट करून बघायच्या आणि सोयीची ठेवायची, ही प्रोजेक्टच्या आदल्या रात्रीची सवय सर्रास आढळते. ती चुकीची आहे. निवड आकडेमोडीच्या आधीच झालेली असते, कारण ती प्रयोगाच्या रचनेत असते. ती ओळखण्याची एक खूण अशी: एका रकान्यातले आकडे मनातल्या मनात वरखाली करून पाहावेत. वरच्या तक्त्यात दुसऱ्या औषधाचे आकडे पिसले, तर सातव्या रुग्णाचा ५.५ दुसऱ्या कोणापुढे जाऊन पडेल आणि खरी माहिती नष्ट होईल. म्हणजे ही आकडेवारी जोड्यांची आहे. याउलट, हीच औषधे वीस वेगवेगळ्या रुग्णांना दिली असती, दहा जणांना एक आणि उरलेल्या दहांना दुसरे, तर रकाना कितीही पिसला तरी काही बिघडले नसते. तिथे टू-सॅम्पल टेस्टच योग्य. दोन्ही गट दहा-दहाचे आहेत म्हणून ओळीने जोड्या लावल्या, तर येणारे उत्तर यादी कोणत्या क्रमाने टंकली यावर ठरेल. गटांची संख्या सारखी असणे हा जोडीचा पुरावा नव्हे.

टू-सॅम्पल टेस्टचेही दोन प्रकार आहेत. जुना प्रकार दोन्ही गटांचा विखुरलेपणा सारखा मानतो, तर वेल्च यांचा प्रकार तसे मानत नाही. आर सांगितल्याशिवाय वेल्चचाच प्रकार वापरते, म्हणून तिथे डिग्रीज ऑफ फ्रीडम १७.७८ असे अपूर्णांकात दिसतात. त्यात काही बिघडलेले नसते.

वन-सॅम्पल टेस्ट या दोघींपासून दूरची वाटते, पण पेअर्ड टेस्ट म्हणजे फरकाच्या रकान्यावर केलेली वन-सॅम्पल टेस्टच. खालच्या शेवटच्या दोन ओळींचे उत्तर दशांशापर्यंत जुळते.

```r
a <- sleep$extra[sleep$group == 1]
b <- sleep$extra[sleep$group == 2]
t.test(b, a)
t.test(b, a, paired = TRUE)
t.test(b - a)
```

मूळ प्रयोगाकडे नीट पाहिले तर आणखी एक गोष्ट लक्षात येते. ‘जास्तीची झोप’ हा आकडाच मुळात वजाबाकीतून आला आहे: औषधाच्या रात्री उणे बिनऔषधाच्या रात्री. त्यामुळे एकट्या दुसऱ्या औषधाच्या रकान्याची शून्याशी तुलना करणारी वन-सॅम्पल टेस्ट हीसुद्धा आतून पेअर्डच असते. शिवाय एकाच रुग्णाच्या दोन्ही आकड्यांतून त्याच्या बिनऔषधाच्या रात्रींची तीच सरासरी वजा झालेली आहे, म्हणजे दोन रकाने एकमेकांपासून स्वतंत्र नसण्याचे हे दुसरे कारण.

वन-सॅम्पल टेस्टमध्ये तुलनेचा आकडा बाहेरून यावा लागतो. शून्य तास हा असा आकडा आहे, कारण ‘औषधाचा काहीच परिणाम नाही’ याचा तो अर्थ आहे. पाकिटावर छापलेले वजन किंवा नियमाने ठरवलेली मर्यादा हेही चालते. पण पहिल्या औषधाची सरासरी ०.७५ हीच ठरलेली किंमत समजून दुसऱ्या रकान्यावर वन-सॅम्पल टेस्ट लावली, तर टी सुमारे २.५ आणि पी-व्हॅल्यू ०.०३ च्या आसपास येते. हे तिसरे उत्तर दिसायला सभ्य असले तरी खोटे आहे, कारण ०.७५ ही दहा रुग्णांवरून काढलेली, स्वतःच डळमळीत असलेली सरासरी आहे आणि टेस्टने तिला दगडावरची रेघ मानले.

याच आकडेवारीत आणखी एक सापळा दडलेला आहे, आणि बहुधा सर्वांत फसवा हाच. दोन्ही औषधांची वेगवेगळी शून्याशी तुलना केली तर पहिल्याची पी-व्हॅल्यू ०.२२ येते, दुसऱ्याची ०.००५. ‘दुसरे काम करते, पहिले करत नाही, म्हणून दोन्ही वेगळी आहेत’ असे लिहिण्याचा मोह होतो. हा तर्क चालत नाही. ०.२२ याचा अर्थ पहिल्या औषधाचा परिणाम शून्य आहे असा नसून, तो शून्यापासून वेगळा असल्याचे या दहा रुग्णांवरून ठामपणे सांगता येत नाही एवढाच आहे. दोन औषधांतल्या फरकाविषयी बोलायचे तर त्या फरकाचीच टेस्ट करावी लागते.

टेस्ट ठरली की गृहीतके तपासायची, पण योग्य रकान्यात. पेअर्ड टेस्टमध्ये सर्वसामान्य वितरणाची अट फरकांना लागू होते, मूळ दोन रकान्यांना नाही. इथे नऊ फरक ० ते २.४ च्या दरम्यान आहेत आणि नवव्या रुग्णाचा ४.६ एकटाच दूर उभा आहे. दहा आकड्यांवर वितरणाची औपचारिक चाचणी फारशी उपयोगी पडत नाही, कारण एवढ्या थोड्या आकड्यांत तिला दोष सापडणेच कठीण असते. फरक एका रेषेवर ठिपक्यांनी मांडून पाहणे अधिक शहाणपणाचे. तो ठिपका खटकतो म्हणून नववा रुग्ण वगळून पाहिला तर गंमत होते. सरासरी फरक १.५८ वरून १.२४ वर येतो, पण विखुरलेपणा जवळजवळ निम्मा होतो आणि टी कमी होण्याऐवजी ५.६६ पर्यंत वाढतो. म्हणजे निष्कर्ष त्या एका रुग्णावर उभा नव्हता. तरीही त्याला अहवालातून काढून टाकायचे कारण नाही. दोन्ही उत्तरे देता येतात. सर्वसामान्य वितरणाची अटच नको असेल तर नुसती चिन्हे मोजता येतात. शून्य सोडून उरलेले नऊही फरक दुसऱ्या औषधाच्या बाजूचे आहेत, आणि केवळ योगायोगाने सगळे एकाच बाजूला जाण्याची शक्यता ५१२ मध्ये २, म्हणजे ०.००३९.

अहवालात ‘टी-टेस्ट केली’ एवढे पुरत नाही. कोणती केली, कोणाच्या कशाशी जोड्या लावल्या आणि जोड्या किती, हे लिहावे लागते. या उदाहरणात ते असे होईल: त्याच दहा रुग्णांवर पेअर्ड टी-टेस्ट केली असता दुसऱ्या औषधाने पहिल्यापेक्षा सरासरी १.५८ तास जास्त झोप मिळाली. ९५ टक्के विश्वासमर्यादा ०.७० ते २.४६ तास, डिग्रीज ऑफ फ्रीडम ९, टी ४.०६, पी-व्हॅल्यू ०.००२८. इथे रुग्णांची संख्या दहाच लिहायची, ओळी वीस असल्या तरी.