‘अखेर’ खोडल्यावर

चाकणच्या एका कारखान्यात सहा वर्षं क्वालिटी विभागात काढल्यावर माझ्या भाचीला नवी नोकरी लागली. लिंक्डइनवर टाकायचा मजकूर तिने आधी मला पाठवला. सुरुवात अशी होती : ‘सांगताना अत्यंत आनंद होतोय, की अखेर माझ्या गुणांना न्याय देणाऱ्या कंपनीत मी रुजू होत आहे. गेल्या सहा वर्षांत ग्राहकांच्या तक्रारी मी निम्म्यावर आणल्या.’

तिच्या मनात कडवटपणा अजिबात नव्हता. पण ‘अखेर’ म्हटलं, की आधीची सहा वर्षं नुसती वाट बघण्यात गेली असं होतं. ‘न्याय देणारी’ म्हटलं, की जुनी कंपनी अन्याय करणारी ठरते. अशी पोस्ट सगळ्यात बारकाईने वाचतात ती जुन्या ऑफिसातली माणसं, आणि पुढे कधी चौकशीचा फोन जातो तोही त्यांनाच. दुसऱ्या वाक्यातला ‘मी’ अख्ख्या टीमचं काम एकटीच्या नावावर घेतो. शिवाय तक्रारी निम्म्यावर आल्या म्हणजे आधी त्या दुप्पट होत्या, ही घरातली गोष्ट चारचौघांत सांगितल्यासारखं होतं.

आम्ही बसून मजकूर नव्याने लिहिला :

‘या सोमवारपासून मी सप्लायर क्वालिटी इंजिनिअर म्हणून रुजू झाले आहे. सुटे भाग बनवणाऱ्या छोट्या कारखान्यांत जाऊन, तिथल्या लोकांबरोबर दोष शोधायचं हे काम आहे. सापडलेली चूक त्याच पाळीत सांगून टाकायची, ही सवय मला आधीच्या कंपनीतल्या क्वालिटी टीमने लावली. रात्रपाळीत माझे प्रश्न न कंटाळता ऐकणाऱ्या तिथल्या सीनिअर इन्स्पेक्टरांची मी ऋणी आहे.’

इथे कौतुकाचं एकही विशेषण नाही, तरी बाईला काम येतं हे कळतं. आभारही मोघम नाहीत. ज्याच्यासाठी ते लिहिलेत तो माणूस स्वतःला ओळखेल. लिंक्डइन पोस्टच्या पहिल्या काही ओळीच दाखवतं, बाकीचा मजकूर दुमडून ठेवतं. म्हणून ‘अत्यंत आनंद होतोय’मध्ये ती जागा न घालवता पद आणि काम वर घेतलं.

राहिली वेळ. जुन्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर हातात पडून नव्या जागी हजर होईपर्यंत तिला थांबायला सांगितलं. प्रोफाइलमध्ये नवं पद भरताना नेटवर्कला कळवण्याचं बटण बंद ठेवायलाही सांगितलं. नाहीतर आपण दोन शब्द लिहिण्याआधीच बातमी परस्पर सगळीकडे जाते.

जुन्या ठिकाणी खरोखरच त्रास झाला असेल, तर ओढूनताणून आभार मानू नयेत. ते खोटे आहेत हे तिथल्या लोकांना लगेच कळतं. अशा वेळी नवं पद आणि नवं काम सांगणाऱ्या पहिल्या दोन ओळी लिहून थांबावं.