बॅटरी बदलली, हे आयोगाला कसं पटवायचं?

समजा, लॅपटॉपचा हिंज तुटला म्हणून तुम्ही तो दुरुस्तीला टाकलात. हिंज नीट बसून आला, पण पूर्वी चार तास टिकणारी बॅटरी आता दीड तासात संपते. दुकानदार म्हणतो, "बॅटरी जुनीच आहे, आम्ही तिला हातही लावला नाही." चांगला भाग काढून हलका बसवला, हा संशय रास्त असला तरी तक्रारीत संशयाला किंमत नसते. पुरावा लागतो, आणि तो बऱ्याचदा त्याच लॅपटॉपमध्ये पडून असतो.

विंडोज असलेल्या लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून एवढंच टाइप करा:

```
powercfg /batteryreport
```

तयार होणाऱ्या अहवालात बॅटरीचं नाव, उत्पादक, बहुधा अनुक्रमांकही असतो आणि दोन क्षमता दिसतात. `FULL CHARGE CAPACITY` ही आजची क्षमता. ती वापराने घटतेच, त्यामुळे तिच्या जोरावर भांडू नका. `DESIGN CAPACITY` ही कारखान्यात ठरलेली क्षमता आणि ती वयानुसार उतरत नाही. खाली `Battery capacity history` या तक्त्यात दोन्हींची तारखांनुसार नोंद असते. आपल्या उदाहरणात दुरुस्तीआधीच्या सगळ्या ओळींत मूळ क्षमता ५०,००० मिलिवॉट-तास आहे आणि लॅपटॉप परत मिळाल्यापासून ४१,०००. "आधीपासून अशीच होती" या उत्तराला हा तक्ता पुरून उरतो.

मात्र दुकानाने विंडोज नव्याने टाकलं असेल, तर हा इतिहास पुसलेला असतो. शिवाय नकली बॅटरीच्या चिपमध्ये खोटं नाव आणि खोटा आकडा भरता येतो. म्हणून लॅपटॉप देण्याआधीच अहवाल काढून ठेवावा आणि जॉबशीटवर बॅटरी, एसएसडी, रॅम यांचे अनुक्रमांक लिहून सही-शिक्का घ्यावा. दुकानदार कुरकुरला तरी याबाबतीत भीड ठेवू नये.

फसवणूक लक्षात आल्यावर लॅपटॉप स्वतः उघडू नका, दुसऱ्या दुकानातही उघडू देऊ नका. नाहीतर अदलाबदल तिथेच झाली, असं म्हणायला पहिल्या दुकानदाराला वाव मिळतो. आधी लेखी नोटीस द्या. उत्तर आलं नाही, तर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही ती चालते आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. जॉबशीट, बिल, नोटिशीची पोच आणि दोन्ही अहवाल क्रमांक घालून जोडा. तक्रारीच्या मजकुरात "जोडपत्र ३, पान २, अमुक तारखेची ओळ" असं नेमकं बोट ठेवा. भाग खरा की नकली यावरच वाद अडला, तर तो प्रयोगशाळेकडून तपासून घ्यावा, अशी विनंती आयोगाला करता येते. मागणीत मूळ दर्जाची बॅटरी किंवा तिची किंमत, आणि नुकसानभरपाई व तक्रारीचा खर्च हे सगळं वेगवेगळं लिहा.