कुंडीला माती किती लागेल?

कुंड्या ८ इंची, १० इंची अशा तोंडाच्या व्यासावरून विकल्या जातात. १० इंची कुंडीला ८ इंचीच्या सव्वापट माती लागेल, असे सहज वाटते. परंतु आकार तोच ठेवून माप सव्वापट केले, की लांबी, रुंदी व उंची तिन्ही सव्वापट होतात. घनफळ १.२५ × १.२५ × १.२५, म्हणजे १.९५ पट होते. माती जवळजवळ दुप्पट लागते!

आता एक प्रत्यक्ष कुंडी घेऊ. पाणी घालण्यासाठी काठाशी तीन-चार सें.मी. जागा मोकळी सोडायची असते. म्हणून मापे काठावर न घेता माती जेथवर भरायची तेथे, आतल्या बाजूने घ्यावीत. समजा, तेथे व्यास ३० सें.मी., तळाशी २० सें.मी. आणि मातीची खोली २४ सें.मी. आहे. हा शंकुछेद झाला. त्याचे सूत्र तुम्हांला ठाऊक आहेच:

V = πh(R² + Rr + r²)/3

R = १५, r = १० व h = २४ घातल्यास सुमारे ११,९४० घन सें.मी., म्हणजे १२ लिटर येतात. सूत्र आठवत नसेल तर सरासरी व्यास २५ सें.मी. धरून वृत्तचिती मोजा. उत्तर ११,७८० येते. फरक दीड टक्काही नाही. मात्र तळ फक्त १० सें.मी. असेल, तर याच युक्तीने उत्तर ८ टक्के कमी येते. पोट सुटलेल्या कुंडीला तर कोणतेच सूत्र धड बसत नाही. तिच्यात प्लॅस्टिकची पिशवी पसरून लिटरच्या मापाने पाणी ओतावे, हे उत्तम. पिशवी नसेल तर मातीची कुंडी पाणी पिते आणि भोकातूनही ते गळते.

बारा लिटर माती आणली, तरी पहिल्या पाण्यानंतर ती खाली बसते. पाण्याबरोबर बारीक कण मोठ्या कणांमधल्या पोकळ्यांत शिरतात. ती किती बसेल हे मिश्रणावर अवलंबून असते. तेव्हा आपणच पाहावे. सरळ बाजूंच्या डब्याच्या तळाला भोके पाडा, त्यात २० सें.मी. भुसभुशीत मिश्रण भरा, पाणी घाला आणि दुसऱ्या दिवशी मोजा. पातळी १७ सें.मी. वर आली, तर आपल्या कुंडीला १२ × २०/१७, म्हणजे सुमारे १४ लिटर मिश्रण हवे. हाताने दाबून ठासू मात्र नये. मुळांना हवा मिळत नाही.

गॅलरीत कुंडी ठेवणाऱ्याने आणखी एक गुणाकार करावा. बसलेली बागेतली माती ओली असता लिटरला साधारण दीड ते पावणेदोन किलो भरते. म्हणजे आपल्या कुंडीत १८ ते २१ किलो माती झाली. ९० सें.मी. लांब, २५ सें.मी. रुंद पेटीत २० सें.मी. माती भरली तर ४५ लिटर होतात आणि वजन सत्तर किलोंच्या आसपास जाते. अशा पेट्या गॅलरीच्या मोकळ्या कडेला न ठेवता घराच्या भिंतीलगत ठेवाव्यात. कठड्यावर तर त्या टांगूच नयेत.