पाकिटावर गावाचं नाव नसतं

लष्करातल्या चुलतभावाला पत्र पाठवताना पाकिटावर त्याचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि युनिट लिहितात. खाली ‘मार्फत ५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’ आणि ९ ने सुरू होणारा पिनकोड. गाव नाही, जिल्हा नाही. ५६ ची टपाल दिल्लीच्या तर ९९ ची कोलकात्याच्या लष्करी टपाल केंद्रात जाते. युनिट सध्या कुठे आहे हे तिथं ठाऊक असतं. त्यामुळे पलटण हलली तरी घरच्यांना नवा पत्ता शोधावा लागत नाही.

पुढचा प्रवास मात्र हवामानाच्या हाती. हिवाळ्यात झोजीला खिंडीतला रस्ता बर्फानं बंद झाला, की लडाखकडे जाणारी टपाल रेंगाळते. म्हणून पत्रात ‘उद्या’, ‘परवा’ लिहून भागत नाही, तारीखच लागते.

समजा, साताऱ्याकडची एक बहीण नोव्हेंबरात लिहिते आहे. आजीच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. ‘आजीला दवाखान्यात नेलं होतं, पण तू काळजी करू नकोस,’ एवढंच लिहिलं, तर दादाची झोप उडालीच म्हणून समजावं. फोनला रेंज नसली तर पुढचं विचारायचं कुणाला? त्यापेक्षा ती असं लिहिते: ‘दादा, ४ नोव्हेंबरला आजीच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. संध्याकाळीच घरी आली. थेंब अजून चालू आहेत, ते मीच घालते. काल तिनं तुझ्या फोटोतली मिशी ओळखली आणि काढायला सांग म्हणाली.’ इथं काही लपवलेलं नाही. काय झालं, आता कशी आहे आणि कोण बघतंय, हे तिन्ही कळलं, की मनात शंका उरत नाही.

मग शेताकडे वळावं. ज्वारी गुडघ्याला लागली. म्हैस व्याली, रेडी झाली, आणि दादाच्या वाटणीचा खरवस धाकट्यानं संपवला. असल्या बारीकसारीक बातम्यांनी पत्र भरतं, कारण त्या वाचताना माणूस घरातल्या घरात फिरून येतो.

बांधाच्या भांडणाचं काय? तलाठ्याकडे अर्ज दिला असेल आणि काका पाहत असतील, तर तेवढं सांगावं. नुसतं ‘ते लोक फार त्रास देतात’ असं लिहिलं, तर चौकीवर बसून तो काहीच करू शकत नाही आणि रागानं आतल्या आत धुमसत राहतो. खरंच गंभीर आजार किंवा मृत्यू असेल, तर पत्राची वाट बघू नये. थेट युनिटला फोन करावा, म्हणजे रजेचं बघता येतं.

‘सध्या कुठं आहेस, तिथून कधी हलणार?’ हे मात्र पत्रात विचारू नये, आणि त्यानं चुकून सांगितलंच तर घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नये.