मस्कतचे घड्याळ, दुबईचे नाव

संगणकाच्या किंवा फोनच्या सेटिंगमध्ये टाइम झोनचे जे नाव नोंदलेले असते, ते `Asia/Kolkata`, `Europe/Paris`, `America/New_York` अशा सामान्यतः दोन भागांचे असते. तिरप्या रेघेच्या आधी खंडाचे किंवा महासागराचे नाव आणि रेघेनंतर एखाद्या शहराचे किंवा बेटाचे नाव येत असल्यामुळे ते वाचणाऱ्याला पत्त्यासारखे दिसते, आणि पत्त्यावरून देश कळतोच या सवयीमुळे अनेक संगणकप्रणालींत त्यावरून वापरकर्त्याचा देशही ठरवून टाकला जातो. हा मोह होण्याचे एक व्यावहारिक कारण आहे. माणूस नेमका कुठे आहे हे विचारायचे झाल्यास ब्राउझर आधी त्याची परवानगी मागतो. टाइम झोनचे नाव मात्र पुढील एका ओळीच्या आज्ञेने, कोणालाही न विचारता मिळते.

```
Intl.DateTimeFormat().resolvedOptions().timeZone
```

ज्या संग्रहातून ही नावे येतात त्याला टीझेड डेटाबेस म्हणतात. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी तो सुरू केला, खंड आणि शहर अशी नावे देण्याची आजची पद्धत पॉल एगर्ट यांनी आखली, आणि २०११ पासून इंटरनेटवरील क्रमांक व नावे यांची व्यवस्था पाहणारी आयाना ही यंत्रणा त्याचे प्रकाशन सांभाळते. या संग्रहातील प्रत्येक नावामागे घड्याळाचा एक इतिहास असतो, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेपेक्षा तिथले घड्याळ किती पुढे वा मागे होते आणि ते कोणत्या दिवशी बदलले याची यादी असते. `Asia/Kolkata` या नावाखाली १ जानेवारी १९०६ पासून साडेपाच तासांचा फरक नोंदलेला आहे, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घड्याळे तासभर पुढे नेली होती त्याचीही नोंद आहे. त्याच काळात मुंबई मात्र आपली स्वतंत्र वेळ पाळत होती, जी भारतीय प्रमाणवेळेच्या सुमारे एकोणचाळीस मिनिटे मागे असे आणि स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे शहरात टिकून होती. परंतु तिच्यासाठी या संग्रहात वेगळे नाव नाही.

मुंबईला वेगळे नाव का मिळाले नाही, याच्या उत्तरातच या नावांचा खरा अर्थ सापडतो. १ जानेवारी १९७० हा युनिक्स प्रणालीच्या कालगणनेचा आरंभदिन आहे, आणि त्या दिवसानंतर ज्या प्रदेशांची घड्याळे सतत एकसारखी चालली आहेत त्यांच्यासाठी एकाहून अधिक नावे ठेवण्याची गरज नाही, असा या संग्रहाचा नियम आहे. अशा प्रदेशातून सामान्यतः सर्वांत मोठ्या लोकवस्तीचे शहर निवडून त्याचे नाव सगळ्या प्रदेशाला दिले जाते, म्हणून चीनच्या घड्याळाला बीजिंगचे नव्हे तर `Asia/Shanghai` असे शांघायचे नाव आहे. एकदा रूढ झालेले नाव पुढे दुसऱ्या शहराची लोकसंख्या थोडी वाढली म्हणून बदलले जात नाही. देशांची नावे तर मुद्दामच टाळलेली आहेत, कारण सीमा आणि राजवटी बदलतात, एका देशात अनेक वेळा असू शकतात, आणि देशाच्या नावावर उभी केलेली ओळख अशा प्रत्येक बदलाबरोबर मोडते. ही काटेकोर आणि शहाणपणाची निवड होती. ज्या गोष्टीला नावातून जाणीवपूर्वक वगळले तीच गोष्ट त्या नावातून शोधून काढणे म्हणजे रचनेच्या मूळ हेतूशी भांडणे होय.

देशांची माहिती संग्रहात अजिबात नाही असे नाही. वापरकर्त्याला यादीतून योग्य नाव निवडता यावे म्हणून `zone1970.tab` या नावाचा एक तक्ता सोबत दिलेला असतो, आणि त्यात प्रत्येक नावापुढे ते कोणकोणत्या देशांना लागू पडते हे दोन अक्षरी संकेतांनी लिहिलेले असते. हा तक्ता प्रादेशिक हक्कांबाबत कोणतीही भूमिका घेत नाही असे त्यातच नमूद आहे. त्यातील दुबईची ओळ अशी आहे.

```
AE,OM,RE,SC,TF  +2518+05518  Asia/Dubai  Crozet
```

मधल्या अंकांत दुबई शहराचे अक्षांश व रेखांश आहेत. त्याआधीचे पाच संकेत अनुक्रमे संयुक्त अरब अमिराती, ओमान, फ्रान्सचे रियुनियन बेट, सेशेल्स आणि दक्षिणेकडील फ्रेंच प्रदेश यांचे आहेत, कारण या सर्व ठिकाणी १९७० नंतर घड्याळ चार तास पुढे असेच चालले आहे; क्रोझे बेटांचा शेवटचा उल्लेख या शेवटच्या प्रदेशासाठी आहे. एका ओळीत युरो चालवणारे बेट, स्वतंत्र द्वीपराष्ट्र आणि आखातातील दोन देश एकत्र आल्यावर त्या ओळीवरून देश सांगता येणार नाही हे उघड आहे. खंडाचाही भरवसा नाही: २०२२ पासून `Atlantic/Reykjavik` हे आइसलँडचे नाव संग्रहात `Africa/Abidjan` या नावाकडे बोट दाखवणारे पर्यायी नाव झाले आहे. अशा पर्यायी नावाला लिंक म्हणतात. `Asia/Muscat` हीदेखील तशीच एक लिंक असून ती `Asia/Dubai` कडे जाते. ती वापरता येते, पण तिच्यामागे मस्कतचा वेगळा इतिहास साठवलेला नाही.

ब्राउझर सांगतो ते नाव प्रत्यक्षात कसे तयार होते ते एका उदाहरणात जवळून पाहता येते. समजा, मस्कतमधील एका कार्यालयात विंडोज असलेला नवा लॅपटॉप आला, आणि तो बसवणाऱ्या माणसाने वेळेच्या यादीतून `(UTC+04:00) Abu Dhabi, Muscat` हा पर्याय निवडला. मस्कतचे नाव डोळ्यांसमोर असल्यामुळे निवड अचूक आहे. पण विंडोजच्या आत या पर्यायाचे नाव `Arabian Standard Time` असे आहे, आणि ब्राउझरला हवे असते ते टीझेड डेटाबेसमधील नाव, त्यामुळे मधे एक रूपांतर करावे लागते. त्यासाठी जो तक्ता वापरला जातो त्यात या एका विंडोज नावासमोर अमिरातीसाठी `Asia/Dubai`, ओमानसाठी `Asia/Muscat` आणि इतर कोणत्याही देशासाठी पुन्हा `Asia/Dubai` असे पर्याय आहेत. यांपैकी कोणता घ्यायचा हे रूपांतर करणारा प्रोग्राम वापरकर्त्याने त्याच संगणकात निवडलेल्या देशाच्या सेटिंगवरून ठरवतो. लॅपटॉप भारतातून आणलेला असेल आणि देशाच्या रकान्यात भारत तसाच राहिला असेल, तर तक्त्यात या वेळेसाठी भारताची नोंद नसल्यामुळे उत्तर `Asia/Dubai` असे येते.

येथे क्षणभर थांबण्यासारखे आहे. टाइम झोनच्या नावावरून देश ओळखू पाहणाऱ्याला हे ठाऊक नसते की ते नाव घडवतानाच देशाची सेटिंग आत घातली गेली होती, आणि ती चुकीची असल्यास तिचीच चूक त्याला पुरावा म्हणून परत मिळते. फोनच्या बाबतीतही घटना फार वेगळी घडत नाही. मोबाइलचा टॉवर फोनला वेळ आणि जागतिक वेळेशी असलेला फरक पाव तासांच्या हिशेबात कळवतो, शहराचे नाव कळवत नाही. ते नाव फोन स्वतः त्या फरकावरून आणि टॉवर ज्या देशाच्या जाळ्यातला आहे त्या देशाच्या क्रमांकावरून जुळवतो. त्यामुळे ठाण्याहून चार दिवसांसाठी दुबईला गेलेल्या माणसाचा फोन तेवढ्या काळापुरता `Asia/Dubai` सांगतो, आणि त्याच्या शेजारी बसलेल्या सहकाऱ्याने घरच्या वेळेचा हिशेब राहावा म्हणून लॅपटॉप मुद्दाम बदलला नसेल तर तो `Asia/Kolkata` सांगत राहतो. नागरिकत्व, कायमचे वास्तव्य, बिलाचा पत्ता आणि आज पाय कुठे आहेत ते ठिकाण या चार वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांतली एकही या दोन नावांतून सिद्ध होत नाही.

मस्कतच्या त्या लॅपटॉपवरून आता कोणी एखाद्या वेतनप्रणालीत नाव नोंदवले, आणि प्रणालीने `Asia/Dubai` वाचून देशाचा रकाना आपणहून संयुक्त अरब अमिराती असा भरला, असे धरले तर पुढचे परिणाम क्रमाने मांडता येतात. अमिरातीने जानेवारी २०२२ पासून सरकारी कामकाजासाठी शनिवार-रविवार ही साप्ताहिक सुट्टी स्वीकारली असून शुक्रवारी अर्धा दिवस काम चालते. ओमानमध्ये सुट्टी शुक्रवार-शनिवार अशीच आहे. म्हणून प्रणाली मस्कतच्या कर्मचाऱ्याला शुक्रवारी कामाचे स्मरणपत्र पाठवील, आणि रविवारी, जेव्हा ते कार्यालय भरलेले असते, तेव्हा त्याची हजेरी सुट्टीच्या दिवशीचे जादा काम म्हणून मोजील. संपूर्ण काळात पडद्यावरचे घड्याळ मात्र मिनिटाचीही चूक करणार नाही, कारण दोन्ही ठिकाणची वेळ एकच आहे.

ही चूक इतके दिवस का टिकते त्याचे मूळ येथेच आहे. टाइम झोनची सेटिंग बरोबर आहे की नाही हे सामान्य माणूस एकाच कसोटीवर तपासतो: पडद्यावरची वेळ भिंतीवरच्या घड्याळाशी जुळते का. जुळली नाही तर तो पुन्हा यादीत जातो. जुळली की यादी बंद करतो, आणि शहर कोणते निवडले गेले याची त्याला फिकीर राहत नाही, राहण्याचे कारणही नसते. श्रीलंकेने एप्रिल २००६ मध्ये भारतीय वेळेइतकाच साडेपाच तासांचा फरक स्वीकारला, तेव्हापासून कोलंबोमधील एखाद्याने `Asia/Colombo` ऐवजी `Asia/Kolkata` निवडले तरी त्याला त्यात काहीच खटकणार नाही. याउलट पावणेसहा तासांचा फरक असलेले `Asia/Kathmandu` हे नाव चुकून निवडले गेल्यास घड्याळ लगेच चुकते, म्हणून ते नाव नेपाळकडे बऱ्याच जोराने निर्देश करते. अर्थात तेही कोणी हाताने टाकू शकतो, आणि दूरस्थ सर्व्हरवर चालणारा संगणक वापरला जात असेल तर तो बहुधा `UTC` एवढेच सांगेल, ज्यात शहरही नाही.

उलट दिशेची फसगतही होते. भारतासाठी २००८ पर्यंत `Asia/Calcutta` हे नाव होते, नंतर ते `Asia/Kolkata` झाले आणि जुने नाव लिंक म्हणून राहिले. पण काही ब्राउझर आजही जुनेच रूप परत करतात. दोन अक्षररूपे दिसली म्हणून त्यांना दोन ठिकाणे समजणारी प्रणाली एकाच माणसाने एका ब्राउझरवरून दुसऱ्यावर जाताच जागा बदलली असा संशय घेते.

मस्कतच्या त्या नोंदीची दुरुस्ती करायची तर `Asia/Dubai` पुसण्याची गरज नाही, कारण त्या नावाने घड्याळ योग्यच चालते. देशाचा रकाना रिकामा करून तो त्या कर्मचाऱ्यालाच विचारावा, आणि आधीच्या नोंदी चाळायच्या असतील तर ज्यांचा टाइम झोन `Asia/Dubai` आहे पण दूरध्वनीचा देशक्रमांक ९७१ नसून ओमानचा ९६८ आहे त्या बाजूला काढाव्यात. त्या नोंदींपुढे ओमान असे परस्पर लिहू नये, कारण दूरध्वनीचा क्रमांकही माणसाबरोबर सीमा ओलांडतो; त्या प्रत्येक माणसाला साप्ताहिक सुट्टी कोणत्या दिवशी असते हे त्यालाच विचारावे.