‘नांगऱ्या’चे पत्र : १७६६ च्या धान्यबंदीवर एका वाचकाचा जबाब

नोव्हेंबर १७६६ च्या अखेरीस लंडनमध्ये आठवड्यातून तीन वेळा निघणाऱ्या ‘लंडन क्रॉनिकल’ या वृत्तपत्रात वाचकाचे एक पत्र प्रसिद्ध झाले. पत्राखाली सही होती ‘अरेटर’. हा लॅटिन शब्द असून त्याचा अर्थ नांगर धरणारा. आपण सर्वांना खाऊ घालणाऱ्या आणि त्याच सर्वांच्या शिव्या खाणाऱ्या वर्गातले आहोत, म्हणजे शेतकरी आहोत, अशी ओळख करून देऊन पत्रलेखकाने सरकारच्या नव्या धान्य-निर्यातबंदीचा हिशेब मांडला होता. धान्याच्या पेढीवर बसणाऱ्या माणसाला तो हिशेब आजही अनोळखी वाटणार नाही.

बंदी कशी आली

त्या काळी इंग्लंड हा धान्य निर्यात करणारा देश होता. निर्यातीला नुसती परवानगी होती असे नाही, तर तिला सरकारी उत्तेजनही होते. १६८९ च्या कायद्यानुसार गव्हाचा भाव एका क्वार्टरला ४८ शिलिंग किंवा त्याखाली असला, की परदेशी पाठविलेल्या प्रत्येक क्वार्टरमागे व्यापाऱ्याला ५ शिलिंग अनुदान मिळे. क्वार्टर हे आठ बुशेलांचे माप. गव्हाच्या वजनात ते साधारण सव्वादोन क्विंटलांच्या आतबाहेर भरते. स्वस्ताईत माल बाहेर काढून शेतकऱ्याचा भाव सांभाळावा, हा त्या कायद्याचा हेतू होता.

१७६६ साली इंग्लंडात पीक उतरले आणि युरोपातील काही देशांतही ते कमी आले. परदेशी मागणी वाढताच धान्य बंदरांकडे वाहू लागले व गावोगावच्या बाजारात पावाचा भाव चढला. उन्हाळ्याच्या अखेरीपासून दंगे सुरू झाले. जमाव गाड्या अडवी, गोदामे उघडी, आणि पुष्कळ ठिकाणी धान्य लुटून न नेता स्वतःच ठरविलेल्या ‘वाजवी’ भावाने ते भर बाजारात विके. सप्टेंबरात सरकारने प्रथम साठा करणाऱ्यांविरुद्धचे जुने कायदे अमलात आणण्याचे फर्मान काढले. त्याचा उपयोग होईना, तेव्हा २६ सप्टेंबरला राजाच्या मंत्रिमंडळाने गव्हाची निर्यातच बंद केली.

यात एक घटनात्मक पेच होता. पार्लमेंट त्या वेळी भरलेले नव्हते, आणि कायद्याने मोकळा असलेला व्यापार नुसत्या राजाज्ञेने थांबविण्याचा अधिकार मंत्रिमंडळाला नव्हता. नोव्हेंबरात पार्लमेंट भरल्यावर यावर कडाक्याचा वाद झाला. बंदीचे समर्थन करताना लॉर्ड चॅन्सेलर कॅमडेन बोलून गेले, की ही जुलूमशाही असलीच तर फार तर चाळीस दिवसांची आहे. विरोधकांनी ते शब्द घट्ट धरून ठेवले. अखेर बंदी कायद्यात बसविण्यात आली, आणि आधीच्या बेकायदा हुकमाबद्दल मंत्र्यांना व अधिकाऱ्यांना दोषमुक्त करणारा वेगळा कायदाही करावा लागला. ‘अरेटर’चे पत्र या धामधुमीत छापले गेले. मात्र हुकूम वैध की अवैध या प्रश्नाला त्याने हात घातला नाही. त्याचा प्रश्न वेगळा होता : या बंदीची किंमत कोणाच्या खात्यावर पडते?

दोन्हीकडून मार

पत्रातील शेतकरी सांगतो, की परदेशांत पीक बुडाल्याची बातमी वाचून आपल्याला बरा भाव येईल अशी त्याला आशा वाटली होती. शहाण्या सरकारने निर्यात बंद केली. ठीक आहे, देशातील बाजारभावावर समाधान मानू, असे त्याने ठरविले. तर जमाव म्हणाला, तेही नाही, धान्य बाजारात आणून तर पाहा, आम्ही ते पडत्या भावाने विकू किंवा फुकट नेऊ. राज्याच्या डोक्याने आणि शेपटाने असे एकदमच धरल्यावर शेतकऱ्याने काय करावे? धान्य कोठारात ठेवून उंदरांची वीण वाढवावी काय?

या विनोदात बाजाराचे एक खरे निरीक्षण आहे. बंदीमागची अपेक्षा अशी असते, की बंदरावर थांबलेला माल आपोआप गावच्या बाजारात येईल. पण ज्या बाजारात माल लुटला जाण्याची भीती आहे, तिथे गाडी कोणी जुंपत नाही. मग कोठारात धान्य असूनही बाजारात टंचाई दिसते, आणि ती टंचाई पाहून जमाव आणखी चिडतो.

लोकरीचा धडा

पत्रातील सर्वांत बोलका भाग लोकरीविषयी आहे. कच्ची लोकर परदेशी विकण्यास इंग्लंडात सतराव्या शतकापासून मनाई होती. देशातील विणकरांना व कारखानदारांना ती स्वस्त मिळावी, हे तिचे कारण. आपल्या आजोबांच्या तोंडून ऐकलेली हकिकत म्हणून शेतकरी सांगतो, की लोकर स्वस्त झाली म्हणजे कापडही स्वस्त मिळेल या आश्वासनावर शेतकऱ्यांनी ती मनाई मान्य केली. प्रत्यक्षात कापड वर्षानुवर्षे महागच होत गेले. कारण उघड होते : लोकर देशात अडकली, पण कापडाची निर्यात मोकळी राहिली, आणि परदेशी मागणीने कापडाचा भाव वर धरला.

कच्च्या मालावर बंदी आणि पक्क्या मालाला मोकळीक असली, की मधला नफा ग्राहकाच्या घरी न जाता कारखानदाराच्या घरी जातो, हे यातून त्याने दाखविले. शिवाय लोकरीला भाव नसल्याने मेंढ्या पाळण्याची हौस कमी होते, आणि तेच लोक मग मटण महागले म्हणून शेतकऱ्याला दोष देतात, असा टोमणाही तो मारतो.

यापुढे तो तत्त्वाला शेवटपर्यंत नेतो. बाहेर जाऊ न दिल्याने वस्तू घरी स्वस्त होते हे खरे असेल, तर कापड, कातडे, जोडे, लोखंडी सामान या सर्वांचीच निर्यात बंद करा. सगळे स्वस्त होईल, आणि ते बनविणारे धंदा सोडून देईपर्यंत स्वस्तच राहील.

एका गिनीचा कर

पत्राचा गाभा एका आकड्यात आहे. निर्यात चालू राहिली असती तर दर क्वार्टरला निदान एक गिनी, म्हणजे २१ शिलिंग, जास्त मिळाले असते, असा शेतकऱ्याचा अंदाज आहे. तो खरा होता की फुगवलेला, हा प्रश्न बाजूला ठेवून त्याचा हिशेब खतावणीत मांडून पाहू.

एखाद्या शेतकऱ्याकडे विकण्यास १०० क्वार्टर गहू आहे असे धरले, तर त्याचे नुकसान २,१०० शिलिंग, म्हणजे १०५ पौंड होते. ही रक्कम परदेशी गिऱ्हाइकाकडून देशात आली असती. ती न आल्यामुळे तोच गहू देशातील गिऱ्हाइकाला तितका स्वस्त पडतो. पत्रलेखक म्हणतो, की गरिबांना पाव स्वस्त मिळावा म्हणून माझ्याकडून घेतलेला हा करच आहे. गरिबांना मदत व्हावी हे चांगलेच. पण तो एकट्या शेतकऱ्यावर का? चांगल्या कामात मान आणि आनंद दोन्ही असतात, तेव्हा जनतेनेही आपला वाटा उचलावा आणि सरकारी खजिन्यातून आमचे नुकसान थोडेतरी भरून द्यावे.

या मुद्द्याला आणखी एक बाजू जोडता येते. पडलेल्या भावाचा लाभ गरजेच्या प्रमाणात न मिळता खरेदीच्या प्रमाणात मिळतो. मजुराचे घर वर्षाला दोन क्वार्टर गहू घेत असेल, तर त्याची बचत दोन गिनींची. नोकरचाकरांनी भरलेल्या वाड्यात वीस क्वार्टर लागत असतील, तर धन्याची बचत वीस गिनींची. गव्हापासून खळ बनविणाऱ्या कारखानदाराची तर त्याहून मोठी. गरिबांच्या नावाने घेतलेल्या कराचा मोठा भाग असा गरीब नसलेल्यांच्या पदरात पडतो. खजिन्यातून उघडपणे दिलेल्या मदतीचा आकडा वहीत दिसतो आणि ती कोणाला द्यायची हे ठरविता येते. भाव पाडून दिलेल्या मदतीचा आकडा कोठेच लिहिला जात नाही.

महाग पाव घेण्यासाठी मजुराला जास्त मजुरी हवी, हा आक्षेप पत्रलेखकाने स्वतःच घेतला आहे. त्यावर त्याचे उत्तर असे, की आमच्या धान्याला भाव नसेल, तर आम्ही आमच्या मजुरांना जास्त मजुरी कोठून द्यावी?

पत्र कोठे अपुरे पडते

हे शेवटचे उत्तर जितके चटकदार आहे तितके पुरे नाही. भाव आठवड्यात चढतो. मजुरी चढायला हंगाम जातो, कधी वर्षही जाते. मधल्या काळात मजुराच्या घरात चूल पेटायची असते. शिवाय विणकर आणि खाणकामगार शेतकऱ्याच्या मजुरीवर नव्हते. शेतकऱ्याला जादा मिळालेली गिनी त्यांच्यापर्यंत केव्हा आणि किती पोहोचेल, याची हमी कोणी देऊ शकत नव्हते. त्या वर्षी दंगा करणाऱ्यांत असे लोक पुष्कळ होते. निर्यातबंदी अन्यायाची होती असे मानले, तरी त्यांची भूक खोटी ठरत नाही.

पत्राच्या उत्तरार्धात लेखक इंग्लंडातील गरीब-पोषणाच्या कायद्यावरच घसरतो. दारिद्र्यात माणसाला सुखाने राहू देण्यापेक्षा त्याला दारिद्र्यातून बाहेर काढणे ही खरी मदत, हा त्याचा विचार नेहमी उद्धृत होतो. पण तो कायदा रद्द केला की लोक आपोआप उद्योगी बनतील, हे त्याने ठासून सांगितले असले तरी त्याचा हिशेब मांडलेला नाही. भाव आणि बंदी यांविषयी तो जितका काटेकोर आहे, तितका येथे राहत नाही.

‘नांगऱ्या’ कोण होता

या पत्राचा लेखक नांगर धरणारा नव्हता. तो होता बेंजामिन फ्रँकलिन : व्यवसायाने मुद्रक, वयाने साठीचा, आणि त्या वेळी पेनसिल्व्हेनिया वसाहतीचा प्रतिनिधी म्हणून लंडनमध्ये राहणारा. त्याच वर्षी फेब्रुवारीत वसाहतींवरील मुद्रांक कराबाबत त्याची कॉमन्स सभेपुढे साक्ष झाली होती. टोपणनावाने वृत्तपत्रांना पत्रे लिहिणे ही त्याची जुनी सवय. ज्यांच्यावर कायदा लादला जातो त्यांना तो करताना विचारले जात नाही, ही वसाहतींची तक्रार घेऊन आलेल्या माणसाने इंग्रज शेतकऱ्याचा आवाज घेतला, यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही.

पुढे १७७२ साली साठा करणाऱ्यांविरुद्धचे जुने कायदे पार्लमेंटने रद्द केले. १७७६ मध्ये ॲडम स्मिथने आपल्या ग्रंथात धान्यव्यापारावर दीर्घ विवेचन करून व्यापारावरील बंधनांची चिकित्सा केली. लोकर-निर्यातीची मनाई मात्र १८२४ पर्यंत टिकली. ‘अरेटर’ने आजोबांच्या तोंडी घातलेली तक्रार नातवाच्या नातवापर्यंत पोहोचली, तेव्हा कोठे ती ऐकली गेली.