जुन्या रेडिओचे साल: व्हॉल्व्हपेक्षा सॉकेट विश्वासाचे

जुन्या व्हॉल्व्ह रेडिओवर उत्पादनाचे साल बहुधा छापलेले नसते. मागच्या पुठ्ठ्यावर मॉडेलचा क्रमांक असतो, पण तो पुठ्ठा पुष्कळदा हरवलेला असतो. मग साल ठरवायला तीन साक्षी उरतात: आतले व्हॉल्व्ह, बाहेरची पेटी आणि चासीखालची जोडणी. या तिघींच्या साक्षीचे वजन सारखे नसते. पेटी ढोबळ काळ सांगते, व्हॉल्व्ह अधिक नेमका काळ सांगतात, आणि व्हॉल्व्ह सांगतात ते खरे की नंतर बदललेले, याची खातरजमा जोडणी करते.

फिलिप्स आणि त्यांच्या जोडीच्या युरोपीय कंपन्यांनी १९३४ पासून व्हॉल्व्हला जी नावे दिली, ती वाचता येतात. पहिले अक्षर फिलामेंटचे असते. ए म्हणजे ४ व्होल्ट, ई म्हणजे ६.३ व्होल्ट, आणि यू म्हणजे १०० मिलिअँपिअर प्रवाहावर एकामागोमाग एक जोडायचा व्हॉल्व्ह. पुढची अक्षरे काम सांगतात: सी म्हणजे ट्रायोड, एफ म्हणजे पेंटोड, एल म्हणजे स्पीकर चालवणारा शेवटचा व्हॉल्व्ह, वाय आणि झेड म्हणजे रेक्टिफायर. काळ ठरवायला मात्र शेवटचा आकडा उपयोगी, कारण तो बैठक सांगतो.

ईसीएच हे एकच कुटुंब घेतले तरी हे दिसते. स्टेशनची लहर पकडून तिची वारंवारता बदलणे हे या कुटुंबाचे काम वर्षानुवर्षे तेच राहिले, बैठक मात्र बदलत गेली. ईसीएच ३ ला बुडाच्या कडेवर स्पर्शपट्ट्या होत्या. ही तिशीच्या उत्तरार्धातली रचना. ईसीएच ३५ ला आठ जाड पिनांची ऑक्टल बैठक होती. ती अमेरिकेत १९३५ मध्ये आली आणि ब्रिटिश सेटांत युद्धानंतरही काही वर्षे टिकली. ईसीएच ४२ ही रिमलॉक म्हणून ओळखली जाणारी, आठ बारीक पिनांची आणि काचेच्या कडेला छोटा उंचवटा असलेली जात. ती युद्धानंतर, चाळिशीच्या उत्तरार्धात आली. ईसीएच ८१ ला नऊ पिनांची नोव्हल बैठक, म्हणजे पन्नाशीचे दशक. म्हणून आकडा तिशीतला असेल तर ऑक्टल, चाळिशीतला असेल तर रिमलॉक आणि ऐंशीतला असेल तर नोव्हल, एवढे लक्षात ठेवले तरी पहिला अंदाज बांधता येतो.

सर्वांत महत्त्वाचा नियम असा की सेटमधला सर्वांत नवा मूळ भाग साल ठरवतो. त्या भागाच्या जन्माआधी सेट तयार झालेला असू शकत नाही. जुन्या भागावरून मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण कारखान्यात शिल्लक माल वापरला जात असे.

पेटीची साक्ष थोडक्यात आटोपते. गडद तपकिरी किंवा काळे बेकेलाइट तिशीपासून पन्नाशीपर्यंत सतत वापरात होते, त्यामुळे नुसत्या बेकेलाइटवरून दशकही सांगता येत नाही. आतली एखादी कडा अंगठ्याने घासून गरम केली की कार्बोलिकचा वास येतो, ही त्याची ओळख. बेकेलाइट मुळातच गडद असते. फिकट पेटी दिसली तर ती युरिया जातीच्या प्लास्टिकची आहे की बेकेलाइटवर रंग दिला आहे, हे आतल्या न रंगवलेल्या बाजूवरून कळते. पातळ, टिचकी मारल्यावर टणत्कार देणारी आणि गरम व्हॉल्व्हच्या वरच्या भागात किंचित वाकलेली पेटी पॉलिस्टिरीनची असते. ती पन्नाशीतली किंवा नंतरची. व्हिनिअर चढवलेल्या प्लायवूडच्या पेट्या सगळ्याच दशकांत बनत राहिल्या.

खरी तपासणी चासी उलटी केल्यावर होते. ही तपासणी प्लग काढूनच करायची, कारण यू जातीच्या सेटमध्ये चासी थेट घरातल्या विजेशी जोडलेली असते. स्पीकरला चार किंवा अधिक तारा जात असतील आणि चुंबकाच्या जागी मोठी गुंडाळी असेल, तर सेट बहुधा युद्धापूर्वीचा किंवा त्याच्या आसपासचा. युद्धानंतर ताकदवान कायमचे चुंबक स्वस्त झाले आणि ती गुंडाळी मागे पडली. रबरी वेष्टणाची, आता कडक होऊन तुकडे पडणारी वायर जुनी; पीव्हीसीची वायर युद्धोत्तर. सुटे भाग टॅगपट्ट्यांवर हाताने झाळलेले असतील तर त्यावरून फारसे ठरत नाही, पण छापील सर्किटची पाटी आढळली तर सेट पन्नाशीच्या मध्याच्या आधीचा नाही. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरच्या डब्यावर पुष्कळदा महिना आणि वर्ष छापलेले असते. तो डबा मूळचा असेल, तर त्याच्याइतका नेमका पुरावा दुसरा नाही.

एक नमुना सेट घेऊन हे सगळे लावून पाहता येते. तपकिरी बेकेलाइटची पेटी. आत यूसीएच ४२, यूएफ ४१, यूबीसी ४१, यूएल ४१ आणि यूवाय ८५. नियम जसाच्या तसा लावला तर यूवाय ८५ हा नोव्हल व्हॉल्व्ह सर्वांत नवा, म्हणून सेट पन्नाशीच्या मध्यावरचा ठरेल. पण चासी उलटी केली की दिसते की चार सॉकेट रिव्हेटने बसवलेले आहेत आणि पाचवे नट-बोल्टने. त्याचे भोक कानशीने घासल्याच्या खुणा आहेत आणि तिथली झाळणही जाडीभरडी आहे. म्हणजे मूळ रेक्टिफायर यूवाय ४१ होता. तो गेल्यावर मेकॅनिकने सॉकेटच बदलले. विजेचा हिशोबही याला दुजोरा देतो. मूळ पाच फिलामेंटांना अनुक्रमे १४, १२.६, १४, ४५ आणि ३१ व्होल्ट लागतात. बेरीज सुमारे ११७. यूवाय ८५ ला ३१ ऐवजी ३८ लागतात. २३० व्होल्टच्या विजेवर सात व्होल्टचा हा फरक मालिकेतला रेझिस्टन्स सहज पचवतो, म्हणून अशी दुरुस्ती चालून जाते. कंडेन्सरच्या डब्याचे कान चासीत मूळचेच पिळलेले आहेत आणि त्यावर १९५१ छापले आहे. तेव्हा सेट १९५१ पूर्वीचा नाही. आणि कारखान्यात बसवलेला एकही नोव्हल भाग नसल्यामुळे तो त्यानंतर फार उशिराचाही नसावा.

भारतातल्या सेटांबाबत अडचणी वाढतात. भारत इलेक्ट्रॉनिक्सने रेडिओचे व्हॉल्व्ह १९६१ मध्ये बनवायला सुरुवात केली. त्या कंपनीचे नाव असलेला व्हॉल्व्ह चाळिशीच्या सेटमध्येही सापडू शकतो. त्यावरून फक्त दुरुस्तीचा काळ कळतो. आयातीवर निर्बंध असताना हाती येईल तो व्हॉल्व्ह बसवणे हीच दुरुस्तीची रीत होती, त्यामुळे बदललेली सॉकेटे अपवाद नाहीत. शिवाय एकच मॉडेल अनेक वर्षे बनत राही, आणि बॅटरीवरचे सेट विजेवरच्या सेटांपेक्षा तांत्रिकदृष्ट्या मागे असत, म्हणून दोघांना एकच कालपट लागू पडत नाही. पेट्यांची अदलाबदलही होई: चासी एका सेटची आणि पेटी दुसऱ्याची. चासीवरची मूळ भोके पेटीतल्या स्क्रूंशी, आणि बटणांचे दांडे पेटीच्या छिद्रांशी जुळतात का, हे म्हणूनच आधी पाहावे लागते. पोस्टाच्या रेडिओ परवान्याचे पुस्तक सोबत मिळाले तरी ते परवाना कधी काढला एवढेच सांगते. दुकानात पडून राहिलेला किंवा दुसऱ्या हाती विकलेला सेट त्याहून जुना असतो.

यामुळे जाणकार एकच साल लिहीत नाही, तर दोन टोके लिहितो: सर्वांत नव्या मूळ भागावरून 'याआधी नाही', आणि त्यानंतर रूढ झालेल्या भागांच्या अभावावरून 'बहुधा यानंतर नाही'. पहिले टोक पक्के असते. दुसरे नेहमी अंदाजाचे राहते, कारण शिल्लक भाग वापरणारा कारखाना काळाच्या मागेच असतो. तीनही साक्षी एका दशकात जुळल्या तर ते दशक खात्रीने लिहावे. एकच साक्ष वेगळी पडत असेल, तर तिचे सॉकेट, तिची झाळण आणि तिचे रिव्हेट पुन्हा तपासावे.